कॅमेरा ओके हाय, मॅडम

गाडीच्या वायरिंगमध्ये मला सव्वीस वर्षं झाली. हॉर्न, लाइट, स्टार्टर, काहीही आणा, मी कंटाळत नाही. पण रिव्हर्स कॅमेरा घेऊन गिऱ्हाईक आलं की माझं डोकं फिरतं. दिव्याचं बरं असतं. एक तर तो लागतो, नाही तर लागत नाही. कॅमेरा मात्र कधी दिसतो, कधी लुकलुकतो, कधी निळा पडदा दाखवून गप्प बसतो, आणि गिऱ्हाईक माझ्यासमोर उभं असलं की हमखास चालतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, काल नव्हता चालत. आणि मला कालचं दुरुस्त करता येत नाही.

माझा गाळा जुईनगरात, आमच्याच बिल्डिंगच्या खाली. वर पहिल्या मजल्यावर माझी काकी सुंदराबाई राहते. तिला दुपारची झोप प्यारी आणि माझा धंदा नावडता. गाळ्यात कुणाची गाडी रिव्हर्सवर टाकली आणि मागचा हॉर्न ट्यां ट्यां करायला लागला, की ती गॅलरीतून ओरडते, ‘ते वाजंत्रं बंद कर रे हिरामन!’ म्हणून गाडी रिव्हर्समध्ये टाकण्याआधी मी त्या हॉर्नची पिन काढून ठेवतो. मीच काय, रिव्हर्सचं काम करणारे बहुतेक सगळेच काढतात. तासभर ते ट्यां ट्यां कोण ऐकणार? काम झालं की शेवटी पिन लावायची, पॅनल बसवायचं आणि गाडी द्यायची.

क्रांती सोमवारी आली. ती शाळेची व्हॅन चालवते. तिचे वडील सिताराम जालन्याकडून इथे आले आणि एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोणी वाहता वाहता म्हातारे झाले. ही पोरगी इथेच वाढली, लायसन्स काढलं आणि स्वतःची व्हॅन घेतली. तिच्याकडे अकरा मुलं आहेत, पहिली ते चौथीची. दोन वर्षांपूर्वी तिच्या व्हॅनला कॅमेरा, पुढचा डिस्प्ले आणि रिव्हर्स हॉर्न मीच बसवला होता.

जूनमध्ये त्या शाळेच्या गेटवर एक प्रकार झाला होता. दुसऱ्याच कुणाची तरी व्हॅन मागे येत होती आणि एक मुलगा पडलेली पाण्याची बाटली उचलायला तिच्या मागे वाकला. वॉचमनने बोनेटवर थापा मारल्या म्हणून निभावलं. तेव्हापासून वाहतुकीचं बघणाऱ्या नमिता मॅडमनी नियम काढला, की मागचं चित्र स्वच्छ दिसत नसेल ती व्हॅन गेटच्या आत येणार नाही. क्रांतीच्या व्हॅनची तपासणी शनिवारी अकरा वाजता होती. चित्र दिसलं नाही तर तिची अकरा मुलं सोमवारपासून दुसऱ्या व्हॅनमध्ये बसणार होती.

तिची तक्रार साधी होती. रिव्हर्स टाकला की चित्र येतं आणि लगेच लुकलुकायला लागतं. कधी काळं होतं, कधी पडद्यावर ‘सिग्नल नाही’ असं येतं. मी म्हटलं, बघतो. असल्या कामात पहिला संशय मागच्या दरवाजावर. तो वर उघडणारा दरवाजा दिवसातून वीस वेळा उघडतो आणि बंद होतो, आणि कॅमेऱ्याची वायर बॉडीतून दरवाजात जिथे रबराच्या नळीतून जाते तिथेच आतल्या आत तुटते. मी रबर मागे सारलं, एकेक वायर ओढून पाहिली, दरवाजा वरखाली केला. वायर शाबूत होती. मग डिस्प्ले बाहेर काढला. त्याच्या मागे कॅमेऱ्याची पिवळी पिन जरा सैल होती. ती घट्ट बसवून टेप मारला. इग्निशन चालू केलं, हॉर्नची पिन काढली, रिव्हर्स टाकला. गाळ्यातली मागची भिंत, तिच्यावरचं कॅलेंडर, कॅलेंडरवरची तारीखसुद्धा दिसत होती.

‘घे,’ मी म्हटलं. ‘पिन सैल व्हती.’ हॉर्न लावला, पॅनल बसवलं, आणि ती गाडी पुढे घालून निघून गेली. गाळ्यातून बाहेर पडायला रिव्हर्स लागत नाही.

बुधवारी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत ती परत दारात. तेच लुकलुकणं. माझ्यापुढे एका टॅक्सीचं अर्धं वायरिंग उघडं पडलेलं होतं आणि मला घाम फुटला होता. एकदा केलेलं काम परत आलं की मला राग येतो, आणि तो राग आणणाऱ्यावरच निघतो. हा माझा जुना दुर्गुण आहे, घरचे सगळे सांगतात. तरी मी पुन्हा सगळं उघडलं. हॉर्नची पिन काढली, रिव्हर्स टाकला, कॅमेऱ्याच्या पॉवरवर मीटर लावला. बारा पॉइंट तीन व्होल्ट, जागचे हलत नव्हते. म्हणजे पॉवर बरोबर. मग माझ्याकडचा दुसरा कॅमेरा थेट डिस्प्लेच्या मागे जोडला. चित्र स्वच्छ. म्हणजे डिस्प्लेचा इनपुटही बरोबर. राहता राहिला तिचा कॅमेरा. मी तो बदलून नवा टाकला. नवा जास्त बारीक चित्राचा होता, म्हणून पहिल्यांदा पडद्यावर नुसत्या तिरक्या रेघा आल्या. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याचा प्रकार बदलल्यावर चित्र बसलं. मी जिंकल्यासारखा हात पुसत उभा राहिलो.

क्रांती म्हणाली, की एकदा गल्लीत नेऊन माझ्यासमोर मागे घेऊन बघू या. मी म्हटलं, गल्लीत टेम्पो उभा आहे, मला टॅक्सी द्यायची आहे, आणि इथे दिसतंय तर तिथे का नाही दिसणार? वर हेही म्हटलं, की थोडं लुकलुकलं तर काय बिघडतं, आरसे दिलेत ना कंपनीने. तिने चावी घेतली आणि ती निघून गेली. माझं ते वाक्य मला तेव्हा अगदी व्यवहारी वाटलं होतं.

गुरुवारी सकाळी फोन आला. नमिता मॅडम. क्रांतीने त्यांना सांगितलं होतं, की दोनदा गाडी दाखवली तरी दोष जात नाही, तपासणीला आणखी चार दिवस द्या. मॅडमनी व्हॅनच्या काचेवरच्या माझ्या स्टिकरवरून नंबर घेतला होता. त्यांनी विचारलं, खरंच दोष आहे की ही टाळाटाळ आहे? मी टॅक्सीच्या खाली पाठीवर पडलेलो, एका हातात टेस्ट लॅम्प, फोन कानाखाली दाबलेला. त्या क्षणी मला फक्त एवढंच कळलं, की माझ्या कामात खोट आहे असं कुणीतरी शाळेत जाऊन सांगितलंय.

‘कॅमेरा ओके हाय, मॅडम,’ मी म्हणालो. ‘नवीन टाकलाय. चालवनारीला बघता येत नाय, त्याला मी काय करनार?’

मॅडम बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी टॅक्सीचं काम पुरं केलं आणि ते बोलणं विसरूनही गेलो.

शुक्रवारी दुपारी क्रांतीने व्हॅन गाळ्यासमोर लावली आणि दार इतक्या जोरात आपटलं की काकी गॅलरीत आली. मुदतवाढ मिळाली नव्हती. मॅडमनी तिला माझं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं होतं, आणि वर म्हणाल्या होत्या, की गाडी मागे घेताना बघता येत नसेल तर मुलं तिच्या ताब्यात कशी द्यायची? कॅमेऱ्याचा प्रश्न आता तिच्या ड्रायव्हिंगचा प्रश्न झाला होता, आणि तो मी केला होता.

‘दादा, सात वर्षं झाली मला गाडी चालवून,’ ती म्हणाली. ‘एक ओरखडा नाही कुणाला. तुमी असं कसं बोललात?’

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मलाही चढवता आला असता. मी शरमलो, पण शरमलो हे दाखवायचं नव्हतं म्हणून आणखीच गुरगुरलो, की गाडीत दोष असेल तर दाखव, मला तर दिसत नाही. तिने फोन काढला. व्हॅनमध्ये मुलांना सांभाळणारी सुनयना तिच्या शेजारी बसते. सकाळी शाळेपाशी क्रांती गाडी मागे घेत असताना सुनयनाने डिस्प्लेचा व्हिडिओ काढला होता.

मी बघितला. दुपारची वेळ, समोर रस्त्याचा गोंगाट, फोनचा आवाज बारीक. पडद्यावर गेट दिसत होतं, जात होतं, दिसत होतं, जात होतं. मी ते दोनदा पाहिलं आणि माझं काहीतरी अडलं. तुटलेल्या वायरने चित्र जातं ते खड्ड्यात, धक्क्याने, वेडंवाकडं. हे तसं जात नव्हतं. हे मोजून मापून जात होतं, एकसारखं. वायर कधी एवढी शिस्तीत तुटत नाही.

क्रांतीला वाटलं मी टाळतोय. तिने फोन ओढून घेतला, आवाज पूर्ण वाढवला आणि माझ्या तोंडासमोर धरला. ट्यां, चित्र गेलं. चित्र आलं. ट्यां, चित्र गेलं.

मी तिथेच स्टुलावर बसलो. सोमवारी आणि बुधवारी मिळून मी तिची व्हॅन दोन तास रिव्हर्समध्ये ठेवली होती, आणि त्या दोन तासांत एकदाही हॉर्न जोडलेला नव्हता. ती गाडी मागे घेताना जे जे घडतं त्यातली एक गोष्ट मी आधीच काढून बाजूला ठेवत होतो आणि मग छाती ठोकून सांगत होतो, की दोष नाही. मला माझाच इतका संताप आला की हातातली पक्कड मी पत्र्यावर आपटली. त्याने काहीही झालं नाही, काकीने मात्र वरून विचारलं, काय पडलं.

मी हॉर्न जोडलेलाच ठेवला आणि रिव्हर्स टाकला. काकीला ओरडू दिलं. कॅमेऱ्याच्या पॉवरवर मीटर लावला. हॉर्न गप्प असताना बारा, वाजला की आकडा आठच्याही खाली कोसळत होता. टेस्ट लॅम्प लावला तर तो प्रत्येक ट्यांला मान टाकत होता. इंजिन चालू करून बघितलं, तरी तेच.

मागच्या दिव्याचं पॅनल खोलल्यावर सगळं उघडं पडलं. रिव्हर्सच्या दिव्याला येणारी जी वायर, तिच्यावरच एका सांध्यात मी कॅमेऱ्याची पॉवर घेतली होती आणि त्याच सांध्यात हॉर्नची. सांधा सोल्डर न करता नुसता पिळून टेप मारलेला. डिस्प्लेला रिव्हर्स पडल्याची खबर देणारी बारीक वायरही तिथूनच निघालेली. आणि तिघांची अर्थिंग एकाच स्क्रूखाली. दोन वर्षं खाडीची हवा खाऊन सांध्यावर हिरवी बुरशी आली होती आणि स्क्रूभोवती गंज चढला होता. नुसता कॅमेरा चालायला एवढीशी वाट पुरत होती. हॉर्नने करंट ओढला की त्या सांध्यात व्होल्ट अडत होते आणि कॅमेरा उपाशी राहून डोळे मिटत होता. सांधा माझ्या हातचा होता. टेप गुंडाळायची माझी पद्धत मला ओळखू येते.

क्रांती वाकून बघत होती. तिने विचारलं, हे काय हिरवं? मी खरं ते सांगितलं, की हे माझं काम आहे, घाईत केलेलं, आणि दोष पहिल्यापासून इथेच होता. तिने मान हलवली आणि घड्याळ बघितलं. शाळा सुटायला दीड तास होता.

तो सांधा मी कापून टाकला. गाडीच्या चावीवर येणारी वेगळी लाइन फ्यूज टाकून मागे आणली आणि एक रिले, इशाऱ्यावर चालणारा स्विच, बसवला, म्हणजे रिव्हर्सच्या वायरने आता फक्त रिलेला इशारा करायचा आणि कॅमेऱ्याने आपली पॉवर त्या नव्या लाइनीवरून घ्यायची. डिस्प्लेची बारीक वायरही रिलेच्या त्याच बाजूला आणली. कॅमेऱ्याची अर्थिंग वेगळ्या जागी, रंग खरवडून, कोऱ्या पत्र्यावर घट्ट केली. हॉर्नचे सांधे नव्याने सोल्डर केले आणि त्याचा जुना स्क्रू बदलला. मग हॉर्न जोडून पंधरा मिनिटं गाडी रिव्हर्समध्ये वाजत ठेवली. मीटरचा आकडा पॉइंट एकने हलत होता, तेवढाच. चित्राची पापणीही हलली नाही. काकी जिना उतरून खाली आली, माझं तोंड बघितलं आणि परत वर गेली.

त्यानंतरचं काम मला सांध्यापेक्षा जड गेलं. मी नमिता मॅडमना फोन केला आणि सांगितलं, की गुरुवारी मी चुकीचं बोललो, दोष गाडीत होता, माझ्याच कामाचा होता, आणि बाई नीट चालवते. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘काल तुम्ही म्हणालात ओके आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आज म्हणताय दोष होता, पण आता ओके आहे. मी कुठल्या दिवसाचे तुम्ही खरे धरू?’

मॅडम म्हणाल्या, की उद्या अकराला बघू, पण आता नुसता कॅमेरा नाही, बाईंचं मागे घेणंही बघू. मी म्हटलं, मी पण येतो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

शनिवारी शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत चार व्हॅन रांगेत उभ्या होत्या. पहिल्या तिघांसाठी वॉचमनने मागे प्लास्टिकचा नारिंगी कोन ठेवला, ड्रायव्हरने मागे घेतलं, थांबला, झालं. क्रांतीच्या वेळी मॅडम स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. वॉचमन कोन ठेवायला निघाला तसं क्रांती खिडकीतून म्हणाली, ‘कोन नको. दादा बसतील.’

मला आधी कळलंच नाही. ती उतरून मागे आली आणि तिने व्हॅनपासून सहा-सात पावलांवर चपलेने रेघ ओढली. म्हणाली, ‘इथे खाली बसा. पोरगं बाटली उचलायला वाकतं, तेवढे.’

मॅडम काच खाली करून आमच्याकडे बघत होत्या. नको म्हणाल्या, धोका कशाला. क्रांती म्हणाली, ‘ज्यांनी ओके सांगितलं त्यांनाच बसू दे.’ मॅडम म्हणाल्या, अगदी हळू आणायची, आणि वॉचमनला माझ्या शेजारी उभं केलं.

मी बसलो. माझे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात. एकदा उकिडवा बसलो की हाताचा टेका घेतल्याशिवाय उठता येत नाही. खाली बसल्यावर मला कळलं, की व्हॅनचे आरसे तिथून दिसतच नाहीत. आरसा मला दिसत नाही म्हणजे आरशातून मी तिला दिसत नाही. माझ्यासमोर मागचा दरवाजा, नंबरप्लेट, आणि नंबरप्लेटच्या वर बोराएवढा कॅमेरा. बाकी तिला माझी खबर देणारं त्या गाडीत काहीही नव्हतं. थोडं लुकलुकलं तर काय बिघडतं, असं मी म्हटलं होतं.

ट्यां ट्यां सुरू झालं आणि व्हॅन हळूहळू माझ्याकडे यायला लागली.

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. रिले मी बसवला होता, अर्थिंग मी केली होती, पंधरा मिनिटं वाजवून बघितलं होतं, तरी प्रत्येक ट्यांला मी त्या कॅमेऱ्याकडे बघत होतो. आत्ता चित्र गेलं असेल का? आत्ता? बाहेरून कळायला काही मार्ग नाही. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत ती रोज अशीच मागे आली होती, मागे मुलं आणि पुढे मिटणारा पडदा घेऊन, आणि व्हिडिओ काढला ती एक वेळ सोडली तर दर वेळी सुनयनाला खाली उतरवून, थांबत थांबत, मान बाहेर काढून तिने ते निभावलं होतं. मी म्हणालो होतो, तिला बघता येत नाही.

व्हॅन माझ्यापासून दोन हातांवर थांबली. सायलेन्सरचा गरम वास तोंडावर येत होता. हॉर्न बंद झाला. मॅडम उतरल्या, मागे येऊन माझ्यातलं आणि बंपरमधलं अंतर बघितलं आणि कागदावर सही केली. मग क्रांतीला म्हणाल्या, की सोमवारी नेहमीच्या वेळेला या, आणि परवाचं मी बोलले ते मनावर घेऊ नका. पुढच्या कामाला त्या निघून गेल्या.

मला उठता येत नव्हतं. क्रांतीने हात दिला आणि मी तिचा हात धरून उभा राहिलो.

‘नीट दिसत व्हतो ना?’ मी विचारलं. कारागिराची खोड, दुसरं काय.

‘दिसत होता,’ ती म्हणाली. ‘दिसत नाही असं मी दोनदा सांगितलं, दादा, तेव्हा ऐकायला पाहिजे होतं.’

मी हो म्हटलं. तिने व्हॅनमध्ये बसायला सांगितलं, जुईनगरला सोडते म्हणाली. गाळ्यासमोर मला उतरवून ती गाडी वळवायला मागे घेऊ लागली, तसा मी रस्त्यात जाऊन उभा राहिलो आणि ती पूर्ण वळेपर्यंत मागचा टेम्पो हाताने अडवून धरला.